बांबू-कॉटनच्या स्वेटरला ईझ किती ठेवावा?

"माझी छाती ३८ इंच आहे. ऑफिसच्या एसीत घालायला बांबू-कॉटनचा स्वेटर विणायचाय, मुंबईत लोकर सोसवत नाही. अंगासरसा हवा. पॅटर्नमध्ये तयार मापं ३६ आणि ४० अशी आहेत. निगेटिव्ह ईझ धरून ३६चा विणू की पॉझिटिव्ह ईझ धरून ४०चा?"

३६चा विणू नका. आणि ४०चा विणलात तर तो अंगावर ४०चाच राहील असं धरून चालू नका. या दोऱ्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, पण आधी ३६चं सांगते.

ईझ म्हणजे स्वेटरच्या आणि अंगाच्या मापातला फरक. पॉझिटिव्ह ईझ म्हणजे स्वेटर अंगापेक्षा मोठा, निगेटिव्ह ईझ म्हणजे स्वेटर अंगापेक्षा लहान विणायचा आणि अंगावर ताणून बसवायचा. ताणल्यावर परत मागे येण्याची ताकद दोऱ्यात असेल तरच हे जमतं. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळणं असतात, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी परत येते. कापूस आणि बांबूच्या तंतूला ती वळणं नसतात. कोपर, छाती, पोट जिथे ताण पडेल तिथे कापड सैल पडतं आणि पुढच्या धुण्यापर्यंत तसंच राहतं. तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर धुऊन वाळवलेल्या नमुन्यावर ४ इंचांची खूण करा, आडवा ताणून साडेचार इंचांपर्यंत न्या, अर्धा मिनिट धरा आणि सोडा. दहा मिनिटांनी परत मोजा. पुन्हा ४ भरले तर निगेटिव्ह ईझचा विचार करता येईल. सव्वाचार भरले तर तो विषय तिथेच सोडायचा.

आता ४०चं. माझ्या धाकट्या बहिणीची छातीही ३८च आहे. तिच्यासाठी मी पहिला बांबू-कॉटनचा स्वेटर विणला तेव्हा दोन इंच पॉझिटिव्ह ईझ धरला होता. ४ मिलिमीटरच्या सुया, एक सुई सुलट एक सुई उलट अशी साधी वीण, ४ इंचांत २२ टाके, म्हणजे इंचाला साडेपाच. घेरात एकूण २२० टाके, सपाट ठेवून मोजला तर बरोबर ४० इंच. सकाळी ती तो घालून बीकेसीला ऑफिसला गेली. संध्याकाळी घरी आली तेव्हा २२ इंच विणलेली लांबी २४ झाली होती, खांदे दंडावर ओघळले होते, आणि छातीवर स्वेटर सैल असायच्या ऐवजी चिकटून बसला होता. दोन इंच ईझ गेला कुठे, हे मला तेव्हा कळेना.

तो लांबीत गेला होता. सुळसुळीत पडणारं कापड स्वतःच्याच वजनाने खाली ओढलं जातं, आणि विणलेलं कापड उभं ताणलं की आडवं आकसतं. म्हणून अशा दोऱ्याचा नमुना टेबलावर मोजून भागत नाही, तो टांगून मोजावा लागतो.

टांगायचा कसा तेही सांगते. निदान ६ इंच रुंद आणि ६ इंच लांब नमुना विणा, धुवा, सपाट वाळवा, मोजून ठेवा. मग वरची कड लाकडी पट्टीवर चार-पाच चिमट्यांनी सारखी अडकवा आणि खालच्या कडेला वजन लावा. किती लावायचं? तिच्या स्वेटरला ५०० ग्रॅम दोरा लागला होता. बाह्यांना गेलेला एकतृतीयांश दोरा वगळला तर अंगाचे साधारण ३३५ ग्रॅम उरतात. घेर ४० इंच, म्हणजे ६ इंचांच्या पट्ट्याला ५० ग्रॅम येतात. पण हे सगळं वजन फक्त खांद्याजवळच्या ओळींवर पडतं, खालच्या पट्टीवर काहीच नाही. म्हणून मी सरासरी, म्हणजे निम्मं धरते. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा तीन नाण्यांची पुरचुंडी पुरते. ती खालच्या कडेच्या मध्यावर बांधू नका, नाहीतर तिथेच टोक निघेल. खालच्या ओळीतून एक सुई ओवून पुरचुंडी तिला बांधली की वजन सारखं पसरतं. एक रात्र तसंच ठेवा आणि काढायच्या आधी, टांगलेल्या अवस्थेतच मोजा.

तिच्या दोऱ्याचा नमुना असा टांगला तेव्हा ४ इंच रुंदीचे ३.८ झाले आणि ४ इंच लांबीचे ४.४. म्हणजे इंचाला साडेपाच नव्हे, ५.८च्या जरा आत टाके. त्या २२० टाक्यांना ५.७९ने भागा, ३८ येतात. ईझ शून्य! संध्याकाळी छातीवर जे दिसलं ते हेच होतं.

दुसऱ्या वेळी मी टांगलेल्या नमुन्याचा गेज, म्हणजे इंचाला येणारे टाके, धरला. अंगासरसा पण न चिकटणारा हवा म्हणून एक इंच पॉझिटिव्ह ईझ, म्हणजे अंगावर ३९. ३९ गुणिले ५.७९, २२६ टाके. सपाट मोजला तर हाच स्वेटर ४१ इंच भरतो, आणि पहिल्यांदा विणणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. लांबी २२ हवी होती, म्हणून २०च इंच विणली.

खांदे ओघळले ते मात्र वेगळ्या चुकीमुळे. भरलेल्या छातीचं ३८ हे माप खांद्याला काही सांगत नाही. टेप काखेत अगदी वर, स्तनांच्या वरून फिरवा. बहिणीचं ते माप ३५ आलं. खांदे आणि पाठ या मापाची धरायची, आणि जास्तीचे टाके फक्त पुढच्या भागात द्यायचे. शिवणीपासून शिवणीपर्यंत तिची पाठ १७.५ इंच आणि पुढचा भाग २०.५ इंच होता. दोन्हींत अर्धा-अर्धा इंच ईझ घातला की पाठीला १०४ टाके आणि पुढे १२२. पुढचे जादा १८ टाके कमरेपासून छातीच्या भरलेल्या रेषेपर्यंत दोन्ही बाजूंनी हळूहळू वाढवले, आणि मुंढ्यात थोडे जास्त बंद करून कमी केले. वर पोचेपर्यंत पाठीचे आणि पुढचे खांदे सारखे होतात. छाती भरलेली असेल तर पुढच्या भागाला लांबीही थोडी जास्त लागते. खालची कड पुढून वर उचललेली दिसली तर समजा ती कमी पडली आहे.

तुम्हाला अगदी अंगाला बसणाराच हवा असेल, तर दोरा बदलावा लागेल. लोकर किंवा लोकरीचं मिश्रण घेऊन दोन सुलट दोन उलट अशी वीण घेतली, की ३८ला ३५-३६ सहज चालतं. त्यात उलटा हिशोब होतो: कापड आडवं ताणलं जातं म्हणून लांबी कमी होते, तेव्हा इंचभर जास्त विणायचं. छातीवर आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या किंवा टाक्यांमधून आतला कपडा दिसला, तर ईझ फारच कमी धरला गेलाय.

तयार स्वेटर दोरीवर वाळत घालू नका. ओल्या कापसाचं वजन फार वाढतं आणि आपल्या पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही, तेवढ्यात सगळा हिशोब बिघडतो. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि पंख्याखाली पलंगावर पसरून वाळवा.

काखेतलं वरचं माप आणि टांगलेल्या नमुन्याची रुंदी-लांबी इथे खाली लिहा, तुमचे टाके मी मांडून देते.