मी निरोप आणलेला नाही

प्रिय पोरी,

काल आयसीयूबाहेरून निघताना तू म्हणालीस, "काका, स्वयंसेवक म्हणून यायला लागून तीन दिवस झाले. मी पेशंटच्या माणसांना जाऊन विचारते, काही मदत हवी का, आणि सगळे नको म्हणतात. मग मी तिथे करते काय?" मला बस गाठायची होती, म्हणून मी नुसती मान हलवली. घरी आल्यावर ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

त्यांचं 'नको' तुझ्या मदतीला नसतं. ज्याचं माणूस आत आहे त्याच्या लेखी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं कुणीही आपल्याकडे चालत येतं ते बातमी घेऊनच. तू चार पावलांवर असतानाच त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. पुढे तू काय विचारतेस ते त्याच्या कानात शिरतच नाही. बातमी नाही एवढं कळलं की तो सुटतो आणि 'नको' म्हणून मोकळा होतो. म्हणून तुझं पहिलं वाक्य एकच: "मी काही निरोप आणलेला नाही." मदतीचं, चहाचं, नावगावाचं सगळं त्याच्यानंतर.

हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटीतून निवृत्त होऊन मी नुकताच या कामाला लागलो होतो. सुरगाण्याकडची एक बाई सकाळपासून एकाच जागी बसून होती, नवरा आत व्हेंटिलेटरवर. औषधांची पावती तिने पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती आणि ती गाठ सारखी चाचपत होती. दुपारी कुणीतरी चहा-बिस्किटं आणली. बाकीच्यांसमोर तिला संकोच वाटेल म्हणून मी तिच्यासमोर गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "ताई, जरा बाजूला येता का? बसून घ्या." एवढंच. तिने जो हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. तिच्या भावाने तिथल्या तिथे गावी फोन लावला. आतून सिस्टर धावत येऊन "अहो, पेशंट आहे, पेशंट आहे" म्हणेपर्यंत गावात रडारड सुरू झाली होती आणि माणसं भरून एक जीप निघाली होती. वाटेत त्यांचे फोन लागेनात. नवरा आत जिवंत, आणि जीपमधली माणसं मातीला निघालेली.

मी तिची माफी मागितली नाही. पुढचे तीन दिवस मी त्या मजल्यावर गेलोच नाही, आणि चौथ्या दिवशी गेलो तेव्हा ती जागा रिकामी होती. नवरा वाचला की नाही, मला आजही माहीत नाही.

यात वाईट शब्द एकही नव्हता, हे बघ. पण 'जरा बाजूला या' आणि 'बसून घ्या' ही दवाखान्यात वाईट बातमीच्या आधीची वाक्यं आहेत. मुकाट जोडलेले हातही तसेच. नमस्कार तोंडाने म्हण आणि श्वास न घेता पुढचं वाक्य म्हण: मी निरोप आणलेला नाही.

आता चालण्याचं. आयसीयूच्या दाराकडून कुणाकडे जाऊ नकोस. वळसा पडला तरी चालेल, जिन्याच्या बाजूने, समोरून दिसत जा. मागून खांद्याला हात लावायचा नाही. उभ्याने बोलायचं नाही, शेजारी बस, आणि अशी बस की त्यांना दार दिसत राहील. तू दाराआड आलीस की ते तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहतात, मग तुला वाटतं यांना बोलायचंच नाही.

शेजारी बसलीस की पूर्ण वाक्य हे असं: "नमस्कार. मी काही निरोप आणलेला नाही. मी इथे स्वयंसेवक आहे, डॉक्टर-नर्स नाही. तुम्ही बराच वेळ बसलाय. तोंड धुवून, पाणी पिऊन यायचं असेल तर या, तोवर मी इथेच बसते. नाव पुकारलं तर तुम्हाला हाक मारते. याचे पैसे नसतात."

पैशांचं शेवटचं वाक्य गाळू नकोस. दवाखान्याच्या आवारात गोड बोलणारे दलाल लोकांनी पाहिलेले असतात. काहीजण तुला महात्मा फुले योजनेची आरोग्यमित्र समजून रेशनकार्ड पुढे करतील. ते हातात न घेता त्यांना काउंटर दाखव.

आणि 'काही मदत हवी का' हा प्रश्न तू आता सोडच. तीनदा सांगून झालं! रात्रभर जागलेल्या माणसाला काय काय मागता येतं हेच ठाऊक नसतं. त्याची खरी अडचण वेगळीच असते. नाव पुकारतील आणि आपण नसू, या धाकाने माणसं लघवीलाही उठत नाहीत. पेठहून, कळवणहून आलेली बाई सकाळपासून तशीच बसलेली असते आणि हे ती परक्याला सांगणार नाही. तू जागा धरतेस म्हटल्यावर उठते. उठताना तिला एवढंच विचार की आतून कुणाच्या नावाने हाक मारतील. ते नाव आणि तिचा फोन नंबर कागदावर लिही. ती परत येईपर्यंत हलायचं नाही, तुझी सुट्टीची वेळ झाली तरी. एकदा हललीस तर ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवून उठणार नाही.

पेशंटला काय झालंय हे विचारू नकोस. अपघात विभाग, केसपेपरची खिडकी, वॉर्ड, सगळीकडे त्यांनी ते सांगितलेलं असतं. सांगायचं असेल तर आपणहून सांगतील.

मग कधीतरी कुणीतरी तुझा हात धरून विचारेल, "वाचेल ना हो?" तुझ्या तोंडावर 'सगळं नीट होईल' येईल. ते गिळ. "मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही. डॉक्टर तुम्हाला कधी भेटतील ते सिस्टरना विचारून दहा मिनिटांत येते," असं सांग आणि दहा मिनिटांत ये. सिस्टर कामात असल्या, उत्तर मिळालं नाही, तरी ये. आणि परत येताना तू त्याच दाराकडून येणार, म्हणून लांबूनच तेच पहिलं वाक्य पुन्हा: निरोप नाही, फक्त वेळ विचारून आले.

आपल्या गटात हे सगळ्यांना पटत नाही, तुझ्याही कानावर आलं असेल. निरोप हा शब्दच काढू नये, तो अभद्र वाटतो, हसतमुखाने 'कसे आहात' म्हणावं, असं मला बैठकीत दोनदा सुनावलं गेलंय. मी ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. निरोप हा शब्द त्या माणसाच्या मनात तुझ्या आधीपासून बसलेला असतो. तू फक्त तो खोडतेस. ज्यांनी तो हंबरडा ऐकला नाही त्यांनी मला गोड बोलायला शिकवू नये. हट्टी म्हणतात, म्हणू देत. बारा वर्षांत माझ्यासमोर पुन्हा कुणी तसं कोसळलं नाही.

शनिवारी भेटीच्या वेळेआधी अर्धा तास ये. तेव्हा बाकडी भरलेली असतात आणि सगळ्यांचे डोळे दाराला लागलेले असतात. तू जिन्याकडून ये आणि बोल. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो.

तुझा,
काका