नळ-टाकीची सूत्रं पाठ आहेत, तरी पेपरात उत्तर चुकतं

‘मॅडम, काळ-काम आणि नळ-टाकीची सगळी सूत्रं मला पाठ आहेत. क्लासच्या वर्कशीटमधली गणितं बरोबर येतात. पण सराव पेपरात तीच गणितं चुकतात, नाहीतर खूप वेळ खातात. हा धडाच सोडून देऊ का?’
– पोलीस भरतीची तयारी करणारी विद्यार्थिनी, नवी पेठ, पुणे

या मुलीला आपण रेखा म्हणू. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यातले २५ अंकगणिताचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला पूर्ण मिनिटही येत नाही. त्यामुळे तिच्या डोक्यात धडा सोडायचा विचार येणं साहजिक होतं. पण त्याबद्दल काही बोलण्याआधी मी तिला सराव पेपराच्या वेळचे कच्च्या कामाचे कागद आणायला सांगितले. मुलं अडचण सांगताना बरंच काही सांगतात, पण नेमकी गाडी कुठे अडते ते कच्च्या कागदावरच दिसतं.

रेखाच्या कागदांवर आकडेमोडीची चूक जवळजवळ नव्हती. बऱ्याच गणितांत एक सूत्र लिहून खोडलेलं होतं, त्याखाली दुसरं लिहिलेलं होतं आणि मग तेही खोडलेलं होतं. क्लासची वर्कशीट बघितल्यावर कारण कळलं. तिथे प्रत्येक पानावर मथळा होता, ‘प्रकार ३ : एकजण काम सोडून जातो’, आणि मथळ्याखाली सूत्र. त्याखालच्या सगळ्या गणितांत तिला फक्त आकडे भरायचे होते. कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्नच पडत नव्हता, कारण त्याचं उत्तर पानाच्या वरच छापलेलं होतं. पेपरात मथळा नसतो. तिचा वेळ गणित सोडवण्यात जात नव्हता, प्रकार ओळखण्यात जात होता.

मी तिला कोऱ्या कागदावर दोन गणितं लिहून दिली. आकडे मुद्दाम तेच ठेवले.

पहिलं : अ एक काम २० दिवसांत करतो, ब ३० दिवसांत. दोघांनी एकत्र काम सुरू केलं आणि ५ दिवसांनी अ काम सोडून गेला. काम एकूण किती दिवसांत संपेल?

दुसरं : अ आणि ब तेच, दिवस तेच. पण काम संपायच्या ५ दिवस आधी अ सोडून गेला. आता एकूण किती दिवस?

दुसऱ्या गणितात रेखानं दोघांचे मिळून १२ दिवस काढले आणि त्यात ५ मिळवून १७ लिहिले. हे उत्तर बरीच मुलं देतात आणि पर्यायांत १७ बहुधा असतंच.

मग आम्ही सूत्रं बाजूला ठेवली. काम किती आहे हे गणितात दिलेलंच नसतं, म्हणून ते आपण सोयीचं मानायचं. २० आणि ३० यांचा लसावि ६०, म्हणून एकूण काम ६० भाग. मग अ रोज ३ भाग करतो, ब रोज २ आणि दोघं मिळून ५. एवढ्या चार आकड्यांवर दोन्ही गणितं सुटतात.

पहिल्यात दोघांनी ५ दिवसांत २५ भाग केले. उरले ३५. ते एकटा ब रोज २ या वेगानं साडेसतरा दिवसांत करेल. एकूण साडेबावीस दिवस. दुसऱ्यात शेवटचे ५ दिवस ब एकटा आहे, म्हणजे त्या दिवसांत १० भाग झाले. बाकीचे ५० भाग दोघांनी मिळून १० दिवसांत केले. एकूण १५ दिवस.

‘पण १७ का चुकलं?’ असं तिनं विचारलं. प्रश्न योग्य होता, कारण १७ हे उत्तर दिसायला बरोबर दिसतं. दोघांच्या १२ दिवसांपेक्षा जास्त आणि एकट्या बच्या ३० दिवसांपेक्षा कमी, म्हणजे अंदाजाच्या चाळणीतून ते सुटतं. तिथे काम परत मोजून बघावं लागतं. काम १७ दिवस चाललं तर बचे ३४ भाग झाले आणि अनं १२ दिवस काम केलं म्हणून त्याचे ३६. बेरीज ७०, आणि काम तर ६० भागच होतं. १५ दिवस घेतले तर बचे ३० आणि अच्या १० दिवसांचे ३०, बरोबर ६०. हा ताळा करायला फार तर पाच-सात सेकंद लागतात आणि पर्याय निवडताना त्याचा भरवसा वाटतो.

तिची एक शंका अजून राहिली होती. काम ६० भागच का मानायचं, १२० मानलं तर? मी तिला १२० धरून तेच गणित पुन्हा करायला लावलं. अ ६, ब ४, शेवटच्या ५ दिवसांत २०, उरलेले १०० भाग रोज १० प्रमाणे १० दिवसांत, पुन्हा १५च. लसावि घेतला की आकडे लहान राहतात आणि अपूर्णांक टळतात, त्याचं एवढंच काम. तिचं पाठ असलेलं सूत्र, दोन्ही दिवसांचा गुणाकार भागिले बेरीज, हेही मुळात तेच आहे. तिथे काम २० × ३० म्हणजे ६०० भाग मानलेलं असतं, अ रोज ३० करतो, ब २० करतो आणि ६०० भागिले ५० म्हणून १२. हे दिसल्यावर रेखाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आतापर्यंतचं पाठांतर वाया गेलं नव्हतं, ते एकाच कल्पनेचं एक रूप होतं.

नळ-टाकीत नवीन गोष्ट एकच येते, चिन्ह. भरणारा नळ अधिक, रिकामा करणारा नळ किंवा गळती उणे. मी दिलेलं गणित असं होतं : गळतीमुळे भरलेली टाकी ८ तासांत रिकामी होते. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडणारा नळ चालू ठेवला तर तीच टाकी रिकामी व्हायला १२ तास लागतात. टाकीत किती लिटर पाणी मावतं?

लिटर दिसल्यावर मुलं बिचकतात आणि सूत्र शोधायला लागतात. इथेही ८ आणि १२ चा लसावि घ्या, टाकी २४ भागांची. गळती ताशी उणे ३. नळ चालू असताना एकूण वेग ताशी उणे २. म्हणजे नळ ताशी अधिक १ भाग भरतो. आणि तो ताशी किती लिटर सोडतो? मिनिटाला ६, म्हणून तासाला ३६०. म्हणजे १ भाग ३६० लिटरचा आणि २४ भाग ८६४० लिटर. रेखानं ६ ला थेट २४ नं गुणून १४४ लिहिलं होतं. तासांचं गणित चालू असताना वेग मिनिटाचा दिलेला आहे, हे डोळ्यांतून निसटतं. म्हणून मी तिला सवय लावली की वाचतानाच ‘मिनिट’ या शब्दाभोवती गोल करायचा.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्या गणितावर घालवला ते हे : एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी ६ तासांत रिकामी करतो. टाकी रिकामी आहे. दोन्ही नळ आळीपाळीनं एकेक तास चालू ठेवले आणि सुरुवात भरणाऱ्या नळानं केली, तर टाकी किती तासांत भरेल?

टाकी १२ भागांची, पहिला अधिक ३, दुसरा उणे २. दर दोन तासांनी १ भाग पदरात पडतो. इथून रेखानं सरळ १२ भागांना २४ तास लिहिले. पर्यायांत १२, १९, २०, २४ असे आकडे दिले तर बहुतेक मुलं २४ वर खूण करतात. ज्यांनी दोन्ही नळ एकदम चालू आहेत असं वाचलं ती १२ वर करतात.

मी तिला शेवटचे तास हातानं मांडायला सांगितलं. १८ तासांनी ९ जोड्या झाल्या, टाकीत ९ भाग. १९ व्या तासाला भरणाऱ्या नळाची पाळी, ९ आणि ३ मिळून १२. टाकी भरली. रिकाम्या करणाऱ्या नळाची पाळी येतच नाही. उत्तर १९ तास. १६ तासांनी ८ भाग होते आणि १७ व्या तासाला ११ झाले, म्हणजे त्याआधी टाकी भरणं शक्य नव्हतं, हेही बघून घेतलं. अशा गणितात एका वेळी जास्तीत जास्त जेवढं भरतं तेवढं, म्हणजे इथे ३, आधी एकूण कामातून बाजूला काढायचं. उरलेल्या ९ साठी जोड्या मोजायच्या आणि मग शेवटची एक पाळी मिळवायची. आळीपाळीचं गणित दिसलं की फक्त एवढं आठवायचं.

धडा सोडायचा का, या तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं होतं. वर्कशीट मात्र बदलायला सांगितली. मथळ्यांची पानं बंद. तिनं स्वतः एक पान तयार करायचं, ज्यात २० आणि ३० हेच आकडे असतील आणि वाक्यं बदलत राहतील : दोघं एकत्र, ५ दिवसांनी सोडलं, ५ दिवस आधी सोडलं, एक दिवसाआड, ब भरण्याऐवजी रिकामं करतो. पहिल्या फेरीत उत्तर काढायचंच नाही. प्रत्येक गणितापुढे फक्त एकूण भाग, प्रत्येकाचा चिन्हासह वेग आणि शेवटच्या टप्प्यात कोण कामावर आहे एवढं लिहायचं. उत्तरं दुसऱ्या फेरीत, घड्याळ लावून. पुढच्या भेटीला तिनं आणलेल्या पानावर खाडाखोड कमी होती. एक दिवसाआडच्या गणितात ती अजून अडखळत होती, म्हणून त्याच प्रकारची आणखी काही वाक्यं आम्ही त्या पानावर वाढवली.

लसावि सगळीकडे पहिलं पाऊल नसतो, हेही मी तिला दाखवलं. ‘अ हा बच्या तिप्पट वेगानं काम करतो आणि त्याला बपेक्षा ६० दिवस कमी लागतात’ अशा गणितात दिवस दिलेलेच नाहीत, मग लसावि कशाचा काढणार? तिथे वेग ३ आणि १ म्हणून दिवस १ आणि ३ या प्रमाणात, फरक २ भागांचा, तो ६० दिवस. म्हणजे अला ३०, बला ९०. आता काम ९० भाग, दोघं मिळून रोज ४, साडेबावीस दिवस. आणि ‘इतकी माणसं रोज इतके तास’ असं वाक्य आलं तर माणसं, दिवस आणि तास यांचा गुणाकार म्हणजे काम. पेपरात वाचून अर्ध्या मिनिटात एकूण भाग मांडता आले नाहीत, तर त्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचं आणि बाकीचे २४ झाल्यावर परत यायचं, असं आमचं ठरलं.