केमो चालू असताना वजन उतरतंय, किती खायला घालू?

"बाबांना जठराचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. रोज जेवतात तरी वजन उतरतंय. किती खायला घालू म्हणजे गेलेलं वजन परत येईल?"

मी कॅन्सर रुग्णांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी हे सांगते की बाबांच्या किंवा तुमच्या हातून काही चुकत नाहीये. या आजारात शरीरात दाह पेटलेला असतो. तो भूक मारतो आणि स्नायूही झिजवतो, त्यामुळे नुसतं जास्त खाऊन झीज पूर्ण भरून येत नाही. याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन गेलं, की आम्ही तो धरतो.

तुमच्या बाबांसारखेच एक काका आमच्याकडे आले होते. सहा महिन्यांत 62 किलोवरून 55 वर, म्हणजे 11 टक्के घट. त्यांच्या पावलावर अंगठा दाबून धरला तर खळगा पडून तसाच राहायचा. म्हणजे त्या 55 किलोत पाणीही होतं आणि खरी झीज त्याहून जास्त होती. कानशिलं खोल गेली होती, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागत होता. काट्यापेक्षा हे जास्त खरं बोलतं.

काकू म्हणाल्या, "व्यवस्थित जेवतात हो." आदल्या दिवशी खरंच पोटात काय गेलं ते वाटी-चमच्याने मोजलं तर पातळ पेज, चहा-बिस्किटं, थोडा वरणभात. जेमतेम 900 कॅलरी, 30 ग्रॅम प्रथिनं. खोदून विचारल्यावर कळलं, पाच दिवस पोट साफ नव्हतं. उलटीवरच्या गोळीने बद्धकोष्ठ होतो आणि पोट भरल्यासारखं वाटत राहतं. डॉक्टरांनी आधी त्यावर औषध दिलं, आहार मग. तोंडातले छाले, मळमळ, दुखणं यांचीही अशीच आधी चौकशी करा.

हिशेबाने त्यांना किलोमागे 25 ते 30 कॅलरी, म्हणजे रोज साधारण 1400 ते 1650 आणि 65 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवी होती. पण पहिल्या दोन आठवड्यांचं उद्दिष्ट मी 1200 आणि 45 एवढंच ठेवलं. ताट मोठं केलं नाही. पेजेऐवजी तूप घातलेला मऊ खिमट, दोन पूर्ण शिजवलेली अंडी, 50 ग्रॅम पनीर कुस्करून, सगळं दर दोन तासांनी थोडं थोडं. आणि घरातल्या घरात दिवसातून दोनदा चालणं, कारण स्नायूंना काम नसेल तर प्रथिनांचा उपयोग कमी होतो.

सहा आठवड्यांनी सूज उतरलेली होती आणि वजन 54.5. वजन वाढलं नाही म्हणून काकू हिरमुसल्या, मला मात्र बरं वाटलं. घसरण थांबली होती, केमोची एकही फेरी पुढे ढकलावी लागली नाही आणि काका हात न टेकता उठत होते. केमो चालू असताना मी एवढंच मागते. 62 परत आणायचं वचन मी देत नाही.

आजार औषधांना दाद देईनासा झाला आणि माणूस अंथरुणाला खिळला, तर हे आकडेही सोडून द्यायचे असतात. तेव्हा मागतील तो घास, मागतील तेव्हा. तुमच्या बाबांची ती वेळ आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. उद्या वजन करताना आधी त्यांची पावलं दाबून बघा आणि पोट शेवटचं कधी साफ झालं ते विचारा. तीन दिवसांचं खाणं वहीत लिहा आणि पुढच्या केमोला जाताना ती वही घेऊन जा.