रेकॉर्ड केलेल्या गोष्टीचं ॲनिमेशन करताना कुठले क्षण चित्रात घ्यायचे?

प्रश्न: माझ्याकडे आजीच्या आवाजातली नऊ मिनिटांची एक खरी गोष्ट रेकॉर्ड केलेली आहे, रेडिओवर ऐकतो तशी. तिचं ॲनिमेशन करायचंय, चित्रं मी स्वतःच काढणार आहे. प्रत्येक वाक्याला चित्र हवं का? नको असेल तर कुठली वाक्यं घ्यायची आणि कुठली सोडायची, हे कसं ठरवतात?

उत्तर:

प्रत्येक वाक्याला चित्र नको. तेवढी काढून होणारही नाहीत. सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन-दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, म्हणजे तुमची गोष्ट कापून चार मिनिटांची केली तरी २,८८०. एकट्या माणसाचं हे काम नाही. त्यामुळे काही जागी भरपूर हालचाल, बऱ्याच जागी स्थिर चित्र आणि काही जागी जवळजवळ काहीच नाही, अशी वाटणी करावीच लागते. ती वाटणी गोष्ट वाचून करू नका, कानाने करा.

मी अशा फिल्म्सचं संकलन करते. त्यातल्या एका कामाचं उदाहरण घेऊनच सांगते, म्हणजे नीट कळेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या एका आजींनी सांगितलेली ती आठवण होती. लांबी तुमच्या रेकॉर्डिंगएवढीच. वाडा, गच्ची, पाणी, आणि घराला कुलूप लावायला परत खाली गेलेली आई.

पहिल्या ऐकण्यात कागद-पेन्सिल घेऊ नका. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून वाजायला लावा, डोळे मिटा आणि आवाज बदलला की `Ctrl+M` दाबा, तिथे खूण पडते. आवाज बदलणं म्हणजे बोलण्याचा वेग वाढला, श्वास अडकला, हसू आलं, वाक्य अर्धवट सुटलं, शेवटचा शब्द पडला. ‘इथे मोठी घटना घडली’ म्हणून खूण करायची नाही. आमच्या आजी पाणी चढत गेल्याचं वर्णन अगदी सपाट सुरात करत होत्या. साहजिक आहे, आयुष्यभर तेच सांगत आल्यात, वाक्यं घासून गुळगुळीत झालीत. आवाज हलला तो भलत्याच ठिकाणी: ‘आई परत खाली गेली आणि कुलूप लावलं.’ मग थोडी शांतता, नाकातून आलेलं हसू, आणि ‘पुराला कुलूप!’ चित्रकार मित्राच्या वहीत तोवर लाटांची सुंदर रेखाटनं तयार होती. ती बहुतेक बाजूला ठेवली. लाट पाहणाऱ्याने आधीच मनात काढलेली असते, आणि त्याच्या मनातली लाट आपल्यापेक्षा मोठीच निघते.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. गोष्ट कधीच न ऐकलेल्या दोघा-तिघांना नुसता आवाज ऐकवा आणि ‘काय दिसलं?’ असं विचारा. जे सगळ्यांना स्पष्ट दिसलं, तिथे चित्राची फारशी गरज नाही. जिथे गोंधळ झाला, तिथे चित्र हवंच. आमच्याकडे पाणी, गर्दी, भेदरलेली मुलगी हे सगळ्यांना दिसलं होतं. पण वाडा कुणालाच कळला नव्हता. नदी कुठल्या बाजूला, दिंडीदरवाजा कुठे, मागची भिंत कुठली, गच्चीवर जायचा जिना आतून की बाहेरून, हे समजावताना आजींची चाळीसेक सेकंदं गेली होती आणि तरी पत्ता लागत नव्हता. आम्ही वाडा मधोमध कापल्यासारखं एकच चित्र काढलं: डावीकडे रस्ता आणि दार, मध्ये चौक, उजवीकडे मागची भिंत आणि तिच्यापलीकडे नदी. हे चित्र पाचेक सेकंद पडद्यावर राहिलं आणि आजींची ती चाळीस सेकंदं कापता आली.

म्हणजे चित्राची निवड आणि आवाजाची काटछाट ही दोन वेगळी कामं नाहीत. ‘आधी आवाज पक्का करा, मग चित्रं’ असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, कारण एकदा चित्रं काढायला घेतल्यावर आवाजातलं एक सेकंद हललं तरी पुढचं सगळं सरकतं. पण पक्का करण्याआधी कुठलं वाक्य चित्र बोलणार आहे हे ठरलेलं हवं. लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टोरीकॉर्प्स या संस्थेच्या ॲनिमेशनपटांत साधारण ४० मिनिटांच्या खासगी गप्पांतून काही मिनिटंच उरतात. तुमच्या नऊचे चार झाले तर आजीवर अन्याय झाला असं वाटून घेऊ नका. मूळ फाइल जपून ठेवा, ती घरच्यांसाठी आहेच.

आता उरलेल्या खुणांकडे या. प्रत्येक ठिकाणी विचारायचं की शब्दात नसलेलं काय दाखवता येईल. ‘आई घाबरली नव्हती’ असं आजी म्हणाल्या की घाबरलेली आई काढायची नाही, शांत आईही नाही. आम्ही तिथे पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली काढली, गाठ सोडणारी बोटं काढली. १९८९ च्या ‘क्रीचर कम्फर्ट्स’मध्ये निक पार्कने साध्या माणसांच्या राहत्या जागेबद्दलच्या गप्पा प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातल्या. बऱ्याच आवाजांत पिंजरा नाही, तो फक्त चित्रात आहे, आणि गंमत तिथेच आहे. आपल्या आजीला अस्वल करायचं नाहीये, पण युक्ती तीच. उलट उदाहरणही आहे. २००७ च्या ‘आय मेट द वॉलरस’मध्ये जॉन लेननच्या १९६९ च्या मुलाखतीतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे चित्र धावतं आणि ते जमूनही गेलंय. पण तिथे माणूस विचार मांडतोय, त्याला दिसणारा प्रसंग असा नाहीच. घडलेली गोष्ट सांगणाऱ्या आवाजामागे शब्दागणिक चित्र लावलं तर ते अंकलिपीसारखं होतं: ‘कुलूप’ म्हटलं की कुलूप, ‘जिना’ म्हटलं की जिना.

क्षण निवडला की चित्र शब्दाच्या आधी, बरोबर की नंतर, हे ठरवायचं. आजींच्या गोष्टीचा शेवट असा होता: ‘पाणी उतरल्यावर परत आलो. कुलूप होतं तसंच होतं. मागची भिंतच नव्हती!’ ॲनिमेशन करणाऱ्याला इथे पडलेल्या भिंतीचा मोठा देखावा काढायचा मोह होतो, आणि ‘परत आलो’वरच तो दाखवला जातो. मग ‘भिंतच नव्हती’ ऐकून कुणी हसत नाही, कारण ते आधीच पाहून झालंय. आम्ही ‘परत आलो’पासून पडदाभर फक्त कुलूप ठेवलं, चिखल सुकलेलं. किल्ली येते, फिरते, दार किंचित उघडतं. ‘भिंतच नव्हती’ हा शब्द पूर्ण संपला, त्यानंतर बारा फ्रेम, म्हणजे अर्धं सेकंद, काहीच बदललं नाही. मग दार सताड उघडतं आणि पलीकडे थेट नदी दिसते. चित्र लवकर आलंय का हे ओळखायची सोपी खूण अशी: नवख्या माणसाला दाखवा आणि तो कुठे हसतो ते बघा. वाक्य संपायच्या आत हसला तर चित्र लवकर आलंय, ते थोडं उशिरा आणा.

असं अर्धं-एक सेकंद मिळवायला कधी कधी आवाजातली शांतता ताणावी लागते. तिथे कोरी शांतता घालू नका. आजीच्या खोलीत पंखा असतो, रस्ता असतो. तो आवाज अचानक बंद झाला की कानाला खड्डा पडल्यासारखं होतं, आणि कान चित्र सोडून तिकडे जातो. त्याच रेकॉर्डिंगमधला, कुणी बोलत नसलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा शोधा, तो तिथे भरा आणि दोन्ही टोकं हलकेच एकमेकांत मिसळा. तुकड्यात श्वास येऊ देऊ नका, तोच श्वास दोनदा ऐकू आला की चोरी पकडली जाते. आजी अजून गप्पा मारत असतील तर त्याच खोलीत अर्धा मिनिट गप्प बसून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घ्या.

आणि जिथे आवाज खरोखर भरून येतो, तिथे नवं चित्र आणू नका. आधीचंच धरून ठेवा. फक्त ते ठार स्थिर ठेवलं तर व्हिडिओ अडकला असं वाटतं. त्यावर उपाय म्हणून तेच चित्र तीनदा गिरवतात आणि तीन-चार फ्रेमना एक असं आलटून पालटून फिरवतात. रेघ हलकी थरथरत राहते, बाकी काही हलत नाही. तीन चित्रांत दहा सेकंदं निघतात, म्हणजे कष्टही वाचतात. हे फार ठिकाणी मात्र करू नका, सगळीच फिल्म थरथरायला लागते.

चांगली चित्रं काढण्याआधी कच्च्या काड्यांच्या माणसांनी अख्खी गोष्ट आवाजावर लावून पाहा. ही कच्ची फिल्म एकदा आवाज बंद करून बघा. गोष्ट शब्दांशिवाय संपूर्ण कळली तर तुम्ही फार जास्त काढलंय. मग डोळे मिटून ऐका आणि कुठे हरवल्यासारखं झालं तर तेवढ्यात डोळे उघडा. त्या क्षणी पडद्यावर आधार देणारं काही नसेल, तर तिथे एक चित्र वाढवायचं. आमच्याकडे असं एकच ठिकाण निघालं: शेजारच्या गच्चीवर कोण कोण होतं ते. नावांची यादी होती, चित्रात नुसती डोकी मोजता आली तरी पुरलं.

तुमच्या आजीचा आवाज आजचा आहे आणि गोष्टीतली ती लहान असणार. त्या मुलीचे ओठ आवाजाबरोबर हलवू नका. सत्तरीचा आवाज अकरा वर्षांच्या तोंडातून आला की थट्टा वाटते, आणि ओठ जुळवण्यात आठवडेच्या आठवडे जातात ते वेगळंच. मुलगी बघते, पळते, दप्तर छातीशी धरते. बोलत फक्त आजी असते, आणि ती पडद्यावर नसते.

कामाला लागण्याआधी फोनमधली फाइल एकदाच `WAV` मध्ये, ४८,००० हर्ट्झवर बदलून घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला किंचित रिकामी जागा जोडली जाते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती सारखी हाताळत नाही. मग ऑडॅसिटीत मारलेल्या खुणा ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-दोन फ्रेम इकडेतिकडे जातात. खुणांचे सेकंद गुणिले २४ केले की फ्रेमचा आकडा मिळतो: आजी ७२.५ सेकंदाला हसली असेल तर फ्रेम १,७४०.