टक्केवारी चांगली दिसते, तरी मुलगा गळतोय हे कसं ओळखायचं?

"पाचवीच्या वर्गाची हजेरी एक्सेलमध्ये भरते. महिनाअखेरीला टक्केवारी बघेपर्यंत पोरगं पार मागे पडलेलं असतं, आधी कसं कळेल?"

मॅडम, वर्षाची टक्केवारी बघूच नका, फक्त शेवटचे 10 शाळेचे दिवस बघा. समजा 80 दिवसांत 4 खाडे, म्हणजे 95 टक्के. पुढच्या 10 दिवसांत 3 खाडे झाले तरी एकूण 92 च दिसतं, पण त्या दहा दिवसांचे बघाल तर 70! पहिला दिवस C कॉलममध्ये, मुलाचं नाव दुसऱ्या ओळीत आणि खाड्याला A भरत असाल तर नव्वदाव्या दिवशी हे टाका, आणि रोज रेंज एक कॉलम पुढे सरकवा:

```
=COUNTIF(CE2:CN2,"A")
```

2 आले की मुलाशी बोला, 3 आले की त्याच दिवशी घरी फोन. आणि हो, वार पण बघा. आमच्याकडे एक मुलगी दर बाजाराच्या दिवशीच गायब, विचारलं तर धाकट्या भावाला सांभाळायला घरी. जत्रेला अर्धा वर्ग रिकामा असतो तो दिवस मात्र मोजू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हे लागू नाही, ती पोरं एका दिवसात जातात, त्यांची यादी आधीच करून ठेवावी लागते.