साठीपर्यंतचा मेडिक्लेम: पॉलिसी कधी आणि कशी घ्यावी

प्रश्न: वय ५४, भोसरीत नोकरी. मार्चअखेर व्हीआरएस घेतोय, कंपनीचा मेडिक्लेम तेव्हाच संपेल. शुगर आहे. ज्येष्ठांची पॉलिसी साठीला मिळते, तोवर काय करू?

उत्तर: साठीची वाट पाहू नका. साधी पॉलिसी आत्ताच, पगार चालू आहे तोवर घ्या. खरी अडचण वयाची नाही, वेटिंग पीरियडची आहे. आधीपासूनच्या आजारासाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने असतो. आज सुरुवात केलीत तर शुगरमुळे होणारा खर्च उशिरात उशिरा ५७व्या वर्षी मिळू लागेल. साठीला केलीत तर थेट ६३व्या. शिवाय ही पॉलिसी साठीनंतरही रिन्यू होत राहते. ज्येष्ठांसाठीच्या पॉलिसीत बिलाचा ठरावीक हिस्सा बऱ्याचदा आपल्यालाच भरावा लागतो, तेही टळतं.

पण नवी पॉलिसी घेण्याआधी एचआरला गाठा. कंपनीची ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. अर्ज शेवटच्या दिवसाच्या निदान महिनाभर आधी द्या. नाव ग्रुपमधून एकदा वगळलं गेलं की हे सगळं अवघड होतं. सोबत जुन्या वर्षांच्या पॉलिसीच्या प्रती आणि क्लेमचा तपशील जोडा. एक मेख आहे: सवलत जुन्या रकमेपुरतीच मिळते. ग्रुपमध्ये ५ लाख होते आणि तुम्ही १० लाखांची घेतलीत, तर वरच्या ५ लाखांना वेटिंग नव्याने सुरू.

हप्ता जड वाटला तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे ५ लाखांच्या वरचा खर्च देणारा, सुपर टॉप-अप घ्या. नुसता टॉप-अप नको. समजा एकाच वर्षात ४ लाख आणि ३ लाख अशी दोन बिलं आली. मूळ पॉलिसी ५ लाख देईल. उरलेले २ लाख सुपर टॉप-अप देतो, कारण तो वर्षाची बेरीज पाहतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून एक पैसाही नाही. सुपर टॉप-अपचंही वेटिंग वेगळं चालतं, त्यामुळे दोन्ही एकदमच घ्या.

वेटिंग संपेपर्यंत शुगरशी जोडलेलं दुखणं खिशातूनच निभवावं लागेल. त्यापुरती रक्कम एफडीत बाजूला ठेवा. डेंग्यूसारखं दुखणं पहिल्या ३० दिवसांनंतर आणि अपघात पहिल्या दिवसापासून कव्हर होतो.

आणि शुगर लपवू नका, एजंट काहीही म्हणो. ॲडमिट होताना डॉक्टर ‘किती वर्षांपासून?’ विचारतात, तुम्ही ‘आठ’ म्हणता आणि ते केसपेपरवर लिहिलं जातं. क्लेम तिथेच अडकतो. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही. तोवर मात्र काढते.