आडनावाचा रकाना

«ताई, शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत माझं एकच नाव आहे. आडनाव नाही, वडिलांचं नावही लावत नाही. आता पहिला पासपोर्ट काढतेय, पुढे अमेरिकेत मास्टर्सला जायचंय. Surname चा रकाना रिकामा ठेवू की काहीतरी भरू? आणि तिकडे फार एकटं वाटतं का?»

एकटेपणाचं आधी उरकते. पहिली थंडी वाईट जाते, मग सवय होते. पुढे.

रकाना रिकामा ठेवता येतो. भारतीय पासपोर्टच्या अर्जात Given Name भरावंच लागतं, Surname भरायची सक्ती नाही. मीही तेच केलं होतं. Given Name मध्ये MUKTA, खालचं कोरं. पोलीस पडताळणी झाली, पासपोर्ट घरी आला. पोस्टमननं तो बाबांच्या हातात दिला तेव्हा बाबांनी पहिलं पान उघडून आडनावाची कोरी जागा बघितली आणि चहा टाकायला सांगितला. बाबा शिक्षक. आडनावावरून जात कळते म्हणून स्वतःचं त्यांनी कधीच टाकलेलं, आणि मुलीला बापाचं नाव तरी कशाला चिकटवायचं म्हणून शाळेच्या रजिस्टरात नुसतं ‘मुक्ता’ लिहिलेलं. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना आमच्या क्लार्कनी आडनावाच्या जागी रेघ मारली होती. तेवढ्यावर भागलं. आपल्याकडे रेघेवर भागतं.

अमेरिकेच्या व्हिसाच्या DS-160 फॉर्मवर नाही भागत. तिथे उलटं आहे, Surnames रिकामं सोडता येत नाही. पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते Surnames मध्ये लिहायचं आणि Given Names मध्ये FNU, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, पहिलं नाव माहीत नाही. व्हिसावर तसंच छापून येतं. माझं झालं असं:

```
Surname:    MUKTA
Given Name: FNU
```

तू फॉर्म भरशील तेव्हा हे दोन ओळींचं काम वाटेल. मलाही वाटलं. पण व्हिसावरचं नाव पुढच्या कागदांवर उतरत जातं. माझ्या इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर पहिलं नाव FNU, त्यावरून बँकेत, बँकेवरून विम्यात. औषधाच्या दुकानात ‘फनू’ अशी हाक मारतात आणि मी ओ देते. पहिली दोनेक वर्षं समजावून सांगायचे, आता नाही.

एक चूक मात्र करू नकोस, कारण ती आपल्याकडची पोरं सर्रास करतात. स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं Given Name मध्ये लिहायची आणि Surname कोरं सोडायचं. पासपोर्टवर ते छान दिसतं. पण व्हिसाच्या दृष्टीनं आडनावाची जागा रिकामीच, त्यामुळे दोन्ही नावं उचलून Surnames मध्ये जातात आणि पुढे पुन्हा FNU. दोन नावं असून एकाही नावाचा उपयोग नाही. दुसरं नाव लावायचंच असेल तर ते Surname च्या रकान्यातच गेलं पाहिजे.

मग लावायचं का? लावायचं असेल तर आत्ताच, पहिला पासपोर्ट निघायच्या आधी. तुझ्या कागदांवर एकच नाव असताना पासपोर्टच्या फॉर्मवर एकदम दुसरं जोडलंस तर ते नावातला बदल धरतील आणि पुरावा मागतील. म्हणून आधी राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, मग आधार, पॅन, आणि शेवटी पासपोर्ट. हा क्रम उलटा करू नकोस. दाखला आणि मार्कशीट जुन्या नावावरच राहतील, त्यांच्यासोबत राजपत्राची प्रत कायम जवळ ठेवायची. आणि परीक्षांची, विद्यापीठांची नोंदणी नव्या पासपोर्टवरच्या नावानंच कर. एकदा प्रवेश, व्हिसा, पदवी सगळं जुन्या नावानं झालं की इथून बदलायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी ‘ही तीच बाई’ हे नव्यानं सिद्ध करत बसायचं. मी म्हणूनच बदललं नाही. म्हणजे, हे एक कारण.

कोरं ठेवायचं ठरवलंस तर तिकिटाकडे लक्ष दे. विमानाचं तिकीट काढताना दोन्ही रकाने भरावेच लागतात. कुणी एका जागी FNU लिहायला सांगतं, कुणी तेच नाव दोनदा. पैसे भरायच्या आधी त्या कंपनीला फोन करून विचार. आणि आखातात फिरायला जायचं असेल तर तिथली तऱ्हा वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर घेणं बंद केलं. आठवड्याभरात खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. म्हणजे बाबांनी जे नाव माझ्या नावापुढून काढलं, तेच मला विमानात बसवणार. हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

तुझ्या प्रश्नात हे नाही, तरी सांगते. माझी मुलगी पहिलीत असताना एक दिवस तिला ताप आला, शाळेतून फोन आला, मी धावत गेले. शाळेच्या यादीत आई म्हणून मी हौसेनं ‘मुक्ता’ लिहिलेलं, पुढे नवऱ्याचं आडनाव, कारण लेकीला ते लावलं होतं. लायसन्सवर FNU MUKTA. ऑफिसातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ही तुम्ही नाही. काचेच्या दारापलीकडे माझी पोर बाकावर जॅकेट घालून बसलेली, मला दिसतेय, तीही मला बघतेय. नवरा ऑफिसातून येईपर्यंत चाळीस मिनिटं लागली. त्यांचंही चूक नव्हतं, मी यादी नीट भरायला हवी होती. तरी त्या बाईंना मी नंतर कधी हसून ‘गुड मॉर्निंग’ केलेलं नाही.

त्या रात्री मुलीनं विचारलं, तुझं खरं नाव कुठलं? मी मुक्ता म्हटलं. मग फनू कोण?

लेकीला आडनाव लावलं हे बाबांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढे ते इथे आले होते, रोज सकाळी टपालपेटीतून पत्रं आणून टेबलावर लावून ठेवायचे. माझी पत्रं वेगळी, नवऱ्याची वेगळी. FNU ची ते तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

तर तुला काय सांगू? व्यवहार विचारशील तर राजपत्र कर आणि रकाना भर. वडिलांचं, आईचं, गावाचं, ज्यावर जात लिहिलेली नाही असं कुठलंही नाव चालेल. तुझं नाव एकच का आहे, कुणी ठेवलं, हे तू लिहिलं नाहीस. त्यावर तुझं उत्तर बदलू शकतं.

माझ्याबद्दल म्हणशील तर आता नागरिकत्वाचा फॉर्म भरतेय, N-400. त्यात नाव बदलायचंय का असा प्रश्न असतो. हो म्हटलं तर कोर्टातल्या शपथेच्या वेळी न्यायाधीश नवं नाव देऊ शकतात, राजपत्र नाही, जाहिरात नाही. FNU जाईल. पण त्या जागी मुक्ता सरकवलं की आडनावाची जागा पुन्हा रिकामी. बाकी सगळी पानं भरून झाली आहेत. हे पान तीन आठवडे तसंच पडलंय, आणि रविवारी बाबांचा फोन येतो तेव्हा मी विषय काढत नाही.